ए प्लसचा पेपर सप्टेंबरात बंद होतोय म्हणे, तरी जुलैत बॅच लावू का?

कंदीपेढा | १२ जुलै २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी साताऱ्याचा. बीसीए झालंय, दोन वर्षं पोवई नाक्याजवळ एका कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात आहे. पुण्यात सर्व्हिस डेस्कच्या नोकरीसाठी अर्ज टाकतोय, तर बऱ्याच ठिकाणी कॉम्पटियाचं ए प्लस असेल तर प्राधान्य असं लिहिलेलं असतं. म्हणून ते करायचं ठरवलंय.

इथल्या एका क्लासची बॅच २१ जुलैला सुरू होतेय. बारा आठवडे, सोमवार ते शनिवार, फी चौदा हजार, परीक्षेची फी वेगळी. आधी सहा आठवडे कोअर वन, मग सहा आठवडे कोअर टू. पुस्तक दाखवलं, त्याच्या कव्हरवर 220-1101 आणि 220-1102 असं आहे.

आज दुकानात मालक सहज बोलून गेले, "अरे तो पेपर बंद होणार आहे ना?" क्लासमध्ये फोन केला तर म्हणाले, नंबर दर तीन वर्षांनी बदलतात, अभ्यास तोच असतो, काळजी करू नका. सोमवारी पाच हजार ॲडव्हान्स भरायचाय. कोणाचं खरं?

यवतेश्वर | १२ जुलै, रात्री १०:१५

भावा, एवढं काय घेऊन बसलायस. मी सिक्युरिटी प्लस केलंय, अनुभवावरून सांगतो. व्हाउचर घेतलं की त्याची मुदत वर्षभर असते. आज घेतलंस तर पुढच्या जुलैपर्यंत कधीही दे. आणि जुनं व्हर्जन केव्हाही बरं. यूट्यूबवर सगळं फुकट पडलेलं आहे, सराव प्रश्न ढिगानं मिळतात. नव्याचं अजून कोणाला काही माहीत नाही. ॲडव्हान्स भर आणि बिनधास्त अभ्यासाला लाग.

अभ्यासिका_विश्रामबाग | १२ जुलै, रात्री १०:५२

पॅटर्न बदलाचा त्रास आम्हाला विचारा! राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली. तीन वर्षं पर्यायी प्रश्नांचा सराव केला आणि आता पानंच्या पानं लिहायला शिकतोय. माझं मत, नवीन पॅटर्नच धरा. जुन्याच्या नोट्स रद्दीत घाला. तुमची ही परीक्षा आयोग घेतो की टीसीएस?

कृष्णाघाट | १३ जुलै, सकाळी ७:३०

कंदीपेढा, सोमवारी पैसे भरू नका. तुमचे मालक बरोबर सांगताहेत.

220-1101 आणि 220-1102 या दोन्ही परीक्षा २५ सप्टेंबर २०२५ ला बंद होणार आहेत. त्यांच्या जागी आलेल्या 220-1201 आणि 220-1202 यंदा २५ मार्चपासून सुरूही झाल्यात. सध्या दोन्ही जोड्या चालू आहेत म्हणून गोंधळ होतोय. क्लासवाले जुनी शिकवताहेत यात खोटं काही नाही, पेपर आज चालूच आहे. पण तुमची बॅच संपेल तेव्हा तो चालू असेल का, हे त्यांनी सांगितलेलं नाही.

हे माझ्या शब्दावर घेऊ नका. कॉम्पटियाच्या साईटवर ए प्लसच्या पानावर जा. तिथं प्रत्येक सिरीजची माहिती वेगळी दिलेली असते: कोड, सुरू झाल्याची तारीख, आणि Retirement अशी एक ओळ. तीच ओळ वाचायची. तिथं तारीख असेल तर विषय संपला. पुष्कळदा तारीख नसते, नुसतं साधारण तीन वर्षांनी असं मोघम लिहिलेलं असतं. तेव्हा सुरू झाल्याच्या तारखेपासून आपण मोजायचं. 1101 एप्रिल २०२२ मध्ये आली, म्हणजे या एप्रिलमध्येच तिची तीन वर्षं भरली होती. त्याच्या आधीची 1001 जानेवारी २०१९ ला आली आणि ऑक्टोबर २०२२ पर्यंत चालली. तीन वर्षं म्हणजे रेल्वेचं टाइमटेबल नव्हे, मागेपुढे होतं. पण अडीच वर्षांची झालेली परीक्षा दिसली की नवीन कधी येणार हे बघितल्याशिवाय पुस्तकसुद्धा घ्यायचं नाही.

यापेक्षा पक्की खूण म्हणजे नवी सिरीज बाजारात येणं. ती आली की जुनीला साधारण सहा महिने उरले असं धरा. नेटवर्क प्लसची N10-009 जून २०२४ च्या २० तारखेला आली, N10-008 डिसेंबरच्या २० तारखेला गेली. ए प्लसचं आत्ता २५ मार्च ते २५ सप्टेंबर. सिक्युरिटी प्लसला जरा जास्त मिळाले, SY0-701 नोव्हेंबर २०२३ ला आली आणि SY0-601 जुलै २०२४ अखेरीस बंद झाली. यवतेश्वरांनी बहुधा त्याच काळात दिली असेल, म्हणून त्यांना घाई जाणवली नसेल.

व्हाउचरबद्दल मात्र त्यांचं निम्मंच बरोबर आहे. व्हाउचरची मुदत वर्षाची असते हे खरं. पण ती व्हाउचरची मुदत झाली, परीक्षेची नाही. एसटीचा पास डिसेंबरपर्यंत असला तरी गाडीच सप्टेंबरात बंद झाली तर पासाचं काय करणार?

मिरज_जंक्शन | १३ जुलै, सकाळी ९:०५

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. माझे पैसे गेलेत म्हणून सांगतो.

२०२२ मध्ये मी हेच केलं. तेव्हा 1001-1002 ची जोडी होती. ऑगस्टमध्ये कोअर वन, म्हणजे 1001, पास झालो. घरात पेढे वाटले. कोअर टूचा अभ्यास सावकाश चालला होता. दिवाळी २४ ऑक्टोबरला होती, म्हटलं फराळ खाऊन निवांत देऊ. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तारीख घ्यायला पिअरसन व्ह्यूच्या साईटवर बसलो तर २० ऑक्टोबरच्या पुढची एकही तारीख निवडता येईना. मला वाटलं साईट बिघडली. दोन दिवस ब्राउझर बदलून बघत होतो.

साईट ठीक होती. पेपर २० ऑक्टोबरला बंद होत होता. उरलेल्या चार-पाच दिवसांत पुण्यात सोयीची जागा नव्हती आणि माझी तयारीही नव्हती.

मग वाटलं ठीक आहे, कोअर टू नव्या सिरीजची देऊ. तर तसं चालत नाही! दोन्ही पेपर एकाच सिरीजचे लागतात. 1001 पास आणि 1102 पास म्हणजे हातात काहीच नाही. म्हणजे माझा पास झालेला पेपरसुद्धा वाया. पुढच्या वर्षी 1101 आणि 1102 दोन्ही पुन्हा पैसे भरून दिले. हे मला कोणी लपवलं नव्हतं, मीच त्या पानावर खाली उतरून वाचलं नव्हतं.

कंदीपेढा | १३ जुलै, दुपारी १:२०

बाप रे. एका सिरीजचा एक आणि दुसरीचा एक चालत नाही हे मला आत्ता कळतंय. क्लासमध्ये कोणी बोललं नाही.

कृष्णाघाट सर, तारीख बघितली, २५ सप्टेंबरच आहे. पण मग २१ जुलैपासून दोन महिने मिळतात की. रेटून अभ्यास केला तर?

कृष्णाघाट | १३ जुलै, दुपारी ४:४५

सर नाही, ताई म्हणा. पुण्यात नऊ वर्षं सर्व्हिस डेस्कवर काढली, आता सांगलीजवळ एका साखर कारखान्याचं आयटी बघते. दरवर्षी दोन-तीन पोरं अशीच विचारायला येतात, म्हणून तारखा पाठ आहेत.

चला, कॅलेंडर घेऊन बसू. २१ जुलैपासून सहा आठवडे म्हणजे कोअर वन ३० ऑगस्टला संपायला हवी. पण २७ ऑगस्टला गणपती बसताहेत आणि अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला. साताऱ्यात तेवढे दिवस क्लास चालू राहील असं तुम्हाला वाटतं का? मला नाही वाटत. म्हणजे शेवटचे चार दिवस ८ सप्टेंबरनंतर भरून काढणार, आणि कोअर टूचं पहिलं लेक्चर १२ सप्टेंबरला. पेपर बंद व्हायला तेरा दिवस राहिलेले आणि शिकवायला सहा आठवडे हवेत. क्लासचं वेळापत्रक धरून तुम्ही 1102 देऊच शकत नाही. चुकून सगळं वेळेवर झालं तरी बॅच दिवाळीच्या तोंडावर संपते.

आता क्लास सोडून स्वतः रेटलंत तर काय, तेही बघू. पहिल्याच झटक्यात दोन्ही पास झालात तर प्रश्न नाही. पण नापास झालात तर? कॉम्पटियाचा नियम असा की पहिल्या नापासानंतर दुसऱ्यांदा बसायला थांबावं लागत नाही. पण दुसऱ्यांदाही गेला तर तिसऱ्यासाठी किमान १४ दिवस थांबायचं. २५ सप्टेंबरातून १४ वजा करा, ११ सप्टेंबर. म्हणजे तिसरी संधी हातात ठेवायची असेल तर दुसरा प्रयत्न ११ सप्टेंबरच्या आत झालेला हवा. आणि २५ तारखेला नेमकी जागा मिळायला हवी, जी शेवटच्या दिवशी सगळ्यांनाच हवी असते. प्रत्येक प्रयत्नाची फी पूर्ण, हे तर आहेच.

माझा स्वतःचा ठोकताळा असा: बंद होण्याच्या तारखेतून आधी चार आठवडे काढून टाकायचे, ते पुन्हा बसण्यासाठी. उरलेल्या वेळात दोन्ही पेपर बसतात का ते बघायचं. तुमच्याबाबतीत ती तारीख २८ ऑगस्ट येते. आज १३ जुलै. शून्यातून दोन पेपर साडेसहा आठवड्यांत, दुकान सांभाळून. मी तरी नवीच धरली असती.

कुपवाडचा_दादा | १३ जुलै, संध्या. ६:१०

ताई, धागा ए प्लसचा आहे पण मधेच विचारतो. मी सीसीएनए करतोय. एमआयडीसीत शिफ्ट करून वर्षभर रेंगाळलोय. कोड 200-301 हाच आहे, बदललेला नाही, म्हणजे माझं पुस्तक चालतंय ना? २०२१ चं आहे, मित्रानं फुकट दिलंय.

कृष्णाघाट | १३ जुलै, संध्या. ७:००

दादा, इथं उलटा फसवा प्रकार आहे. सिस्को दर वेळी कोड बदलत नाही. 200-301 फेब्रुवारी २०२० पासून आहे, पण २० ऑगस्ट २०२४ पासून तिचं १.१ व्हर्जन चालू आहे. कोड तोच, विषयांची यादी थोडी बदललेली. तुमचं पुस्तक १.० चं आहे. टाकून देऊ नका, बराचसा भाग तोच आहे. पण सिस्कोच्या साईटवरून विषयांची पीडीएफ उतरवा, तिच्यावर v1.1 असं छापलेलं असतं. पुस्तकाशेजारी ठेवून नसलेले मुद्दे पेन्सिलीनं टिपून घ्या.

म्हणून मी पोरांना सांगते, नुसता कोड बघू नका, यादीवर छापलेलं व्हर्जन बघा. आणि प्रत्येक कंपनीची रीत वेगळी असते. कॉम्पटिया दोन सिरीज सहा महिने एकत्र चालवते. ॲमेझॉन तसं करत नाही. त्यांच्या क्लाउड प्रॅक्टिशनरची जुनी परीक्षा १८ सप्टेंबर २०२३ ला संपली आणि १९ ला नवी सुरू झाली. मधे एका रात्रीचं अंतर. तिथं सहा महिन्यांचा हिशोब लावलात तर फसाल.

यवतेश्वर | १३ जुलै, रात्री ८:३०

ठीक आहे, व्हाउचरचं मी चुकलो. पण जुन्याबद्दल मी अजून ठाम आहे. कोणाचा कोअर वन झालेला असेल तर? आणि ज्यानं जुनी दिली त्याचं सर्टिफिकेट सप्टेंबरात रद्द होतं का? मग माझं सिक्युरिटी प्लस 601 चं आहे, ते पण गेलं की काय!

कृष्णाघाट | १३ जुलै, रात्री ९:१०

नाही हो, ते कुठं जात नाही. परीक्षा बंद होणं वेगळं आणि सर्टिफिकेटची मुदत संपणं वेगळं. तुम्ही ज्या दिवशी पास झालात त्या दिवसापासून तीन वर्षं ते चालतं, मधे परीक्षा बंद झाली तरी. २४ सप्टेंबरला 1102 पास होणाऱ्याचं ए प्लससुद्धा सप्टेंबर २०२८ पर्यंत चांगलं. तुमच्या सर्टिफिकेटवरची तारीख बघून नूतनीकरणाचं मात्र वेळेत बघा.

आणि तुमचा पहिला मुद्दा मला मान्य आहे. ज्याचा 1101 झालाय त्यानं आता नव्याकडं वळणं मूर्खपणा. त्यानं सगळं सोडून 1102 च्या मागं लागावं. जुनी वाईट, नवी चांगली असं मी म्हणतच नाहीये. आज तुम्ही कुठं उभे आहात त्यावर आहे.

कंदीपेढा | १३ जुलै, रात्री ९:४५

माझा कोरेगावचा मित्र आहे, त्यानं मे महिन्यात 1101 पास केलीय. त्याला हा धागा पाठवतो. तो म्हणतोय गणपती झाल्यावर कोअर टू देणार.

मिरज_जंक्शन | १३ जुलै, रात्री १०:०२

गणपती झाल्यावर. दिवाळी झाल्यावर. आमच्याकडं पण असंच ठरतं सगळं. त्याला सांग, तारीख आजच घेऊन टाक. पुढं ढकलायची असली तर परीक्षेच्या २४ तास आधीपर्यंत ढकलता येते. पण आधी घेतलेली जागा हातात असते.

कंदीपेढा | २० जुलै २०२५, दुपारी १२:३०

अपडेट. क्लासमध्ये जाऊन समोरासमोर बोललो. आधी म्हणाले, सगळे असंच घाबरतात. मग मी मोबाईलवर ते पान उघडून तारीख दाखवली आणि विचारलं, तुमचं कोअर टूचं शेवटचं लेक्चर कधी? त्यांनी कॅलेंडर काढलं आणि जरा वेळ गप्प बसले. शेवटी म्हणाले, मुलं पुरेशी झाली तर नव्या सिरीजची बॅच घेऊ, पण नोट्स अजून तयार नाहीत. मी पैसे भरले नाहीत. बाकी सहा जणांनी आधीच भरलेत, त्यातल्या दोघांना मी सांगितलं. एकानं ऐकलं, दुसरा म्हणाला सरांना जास्त कळतं.

काल बसून 1101 आणि 1201 च्या उद्दिष्टांच्या पीडीएफ शेजारी ठेवल्या. मला वाटलं होतं सगळंच वेगळं असेल. तसं नाही. कोअर वनमध्ये नेटवर्किंगचं वजन २० वरून २३ टक्के झालंय, मोबाईल १५ वरून १३, हार्डवेअर २५ तसंच. कोअर टूला सिक्युरिटी २५ वरून २८ आणि ऑपरेटिंग सिस्टिम ३१ वरून २८. म्हणजे क्लासवाल्यांचं "अभ्यास तोच असतो" हे बऱ्यापैकी खरं निघालं. मग जुन्या पुस्तकावरून नवी परीक्षा द्यायला काय हरकत आहे?

कृष्णाघाट | २० जुलै, संध्या. ५:१५

शाब्बास, हे काम क्लासनं करायला हवं होतं.

हरकत नाही, पण टक्क्यांवर विसंबू नका. टक्के सारखे राहतात आणि आतले मुद्दे बदलतात. पीडीएफमध्ये प्रत्येक उद्दिष्टाखाली जी बारीक यादी आहे ती ओळीनं वाचा. नव्या यादीत जे आहे आणि तुमच्या पुस्तकाच्या मागच्या सूचीत सापडत नाही, तेवढंच वेगळ्या वहीत लिहा. विंडोजचा भाग नीट बघा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपतोय, त्यामुळं विंडोज ११ वर हात बसलेला हवा. दुकानात मशिन आहेतच, रोज एकावर सेटिंग्ज उघडून बघा. वहीत पाच-सहा पानं भरली तर पुस्तक चालेल. पंचवीस भरली तर नवं घ्या.

सराव प्रश्नांचे संच मात्र नव्या कोडचेच घ्या. आणि फुकट म्हणून जे जसेच्या तसे परीक्षेतले प्रश्न म्हणून फिरतात त्यांच्या नादाला लागू नका. ते सापडलं तर निकाल रद्द होऊ शकतो.

अभ्यासिका_विश्रामबाग | २० जुलै, रात्री ८:००

आत्ता कळलं, ही सरकारी परीक्षा नाहीये. माफ करा. पण हे यादी शेजारी ठेवून वही भरायचं आम्हालाही उपयोगी पडेल.

कंदीपेढा | १४ सप्टेंबर २०२५, सकाळी ११:००

धागा वर काढतोय, कारण कोरेगावच्या मित्राचं झालंय ते सांगायचंय. त्याच्या परवानगीनं लिहितोय.

त्यानं तारीख घेतली ती गणपतीनंतरचीच, ९ सप्टेंबर, मंगळवार. 1102 ला ७०० लागतात, त्याला ६७१ पडले. दोन दिवस कोणाशी बोलला नाही. काल, १३ तारखेला, पुन्हा बसला. ६८८. बारा गुणांनी गेला. आता तिसरा प्रयत्न १४ दिवसांनी, म्हणजे २७ सप्टेंबरला. आणि पेपर २५ ला बंद.

ताई, तुम्ही ११ सप्टेंबर लिहिलं होतं. त्यानं वाचलंही होतं. म्हणाला, वाटलं होतं पहिल्यातच निघेल.

मिरज_जंक्शन | १४ सप्टेंबर, सकाळी ११:४०

फार वाईट वाटलं. मी त्याच जागी बसलो होतो. त्याला म्हणावं एक-दोन आठवडे काही ठरवू नको.

यवतेश्वर | १४ सप्टेंबर, दुपारी १२:१५

हा अन्याय नाही का? १२ गुणांसाठी पास झालेला पेपरसुद्धा शून्य? कंपनीला मेल टाकून सवलत मागता येत नाही का? दोन दिवसांचाच प्रश्न आहे.

कृष्णाघाट | १४ सप्टेंबर, दुपारी ३:३०

मेल टाकायला पैसे पडत नाहीत, टाकू दे. पण त्यावर विसंबून २५ तारखेपर्यंत वाट बघत बसू नये. आणि १४ दिवस चुकवायला दुसऱ्या नावानं खातं काढायचं असले उद्योग कोणी सुचवले तर ऐकू नये. एकदा बंदी आली की नवी सिरीजही देता येणार नाही.

अन्यायाचं म्हणाल तर मी स्वतः दोन्ही बाजूंनी विचार केलाय. तारीख महिनोन्‌महिने आधी सांगितलेली असते हे खरं. पण दोन पेपर एका सिरीजचे लागतात हे पहिला पेपर बुक करताना डोळ्यांसमोर यायला हवं, तसं ते येत नाही.

त्याचा अभ्यास पूर्ण वाया नाही. 1102 चं ६८८ पर्यंत आलेलं डोकं 1202 ला कामी येईल. मी त्याच्या जागी असते तर कोअर टू आधी दिली असती, डोक्यात ताजी आहे तोवर. आधी कोणती द्यायची याचं बंधन नाही. मग 1201. त्याच्याकडं न वापरलेलं व्हाउचर शिल्लक आहे का? असेल तर ते नव्या सिरीजला चालेल का, हे ज्यांच्याकडून घेतलं त्यांना लेखी विचारायला सांगा. फोनवर नको.

कंदीपेढा | १४ सप्टेंबर, संध्या. ६:५०

एक व्हाउचर आहे, क्लासमार्फत घेतलेलं. विचारतो म्हणालाय.

कोअर टू आधी, हे त्याला पटलं नाही अजून. म्हणतोय आता नावच नको. मी माझी 1201 ची तारीख ११ ऑक्टोबर घेतलीय, शनिवार, पुण्यात. वहीची नऊ पानं भरली, जुनंच पुस्तक चालवतोय. त्याला म्हटलंय, तू पण त्याच दिवशी 1202 ला बस, एकाच एसटीनं जाऊ. अजून उत्तर नाही.

कुपवाडचा_दादा | १४ सप्टेंबर, रात्री ९:२०

पाच वाजताची गाडी धरा, स्वारगेटला गर्दी कमी असते. आणि ओळखपत्रावरचं नाव आणि बुकिंगचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का बघ भावा. माझ्या आधारवर वडलांचं नाव मधे आहे आणि बुकिंगला मी नुसतं आडनाव टाकलंय. ताई, ते आता बदलता येतं का?